धागा: इंटरेस्ट रेट स्वॅपचा सीव्हीए, हाताने 13.6 लाख आणि सिस्टिममध्ये 29 लाख. फरक कुठून येतोय?

निशिगंध

नमस्कार मंडळी. बँकेच्या रिस्क टीममध्ये आहे, सीव्हीएचं, म्हणजे समोरची पार्टी बुडण्याच्या धोक्याची किंमत काढण्याचं काम माझ्याकडे नव्यानेच आलंय. एका स्वॅपवर अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर टाकतो.

नोशनल 100 कोटी, मुदत 5 वर्षं. समोरची कंपनी आम्हाला फिक्स्ड 5 टक्के देणार, आम्ही त्यांना फ्लोटिंग देणार. कोलॅटरलचा करार नाही, म्हणजे सीएसए नाही. कंपनीचा क्रेडिट स्प्रेड, म्हणजे तिच्या बुडण्याच्या धोक्यासाठी बाजार वर्षाला मागतो तो जादा दर, 300 बेसिस पॉइंट धरलाय, रिकव्हरी 40 टक्के. हाताने करताना कर्व्ह सगळीकडे 5 टक्के सपाट धरला आणि रेटची व्होलॅटिलिटी वर्षाला 1 टक्का, म्हणजे 100 बेसिस पॉइंट.

आता माझी पद्धत. t वर्षांनी स्वॅपची किंमत म्हणजे ढोबळमानाने रेट जितका हलला तो गुणिले उरलेल्या मुदतीची अॅन्युइटी, म्हणजे उरलेल्या वर्षांत दर वर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची त्या दिवसाची किंमत. रेट नॉर्मल धरला तर किंमतही नॉर्मल, सरासरी शून्य. तिचा फक्त धन भाग घेऊन सरासरी काढली की एक्स्पेक्टेड एक्स्पोजर मिळतं, ते स्टँडर्ड डेव्हिएशनच्या 0.4 पट येतं. प्रत्येक वर्षाच्या मध्यावर ते असं आलं: 1.11, 1.53, 1.45, 1.05 आणि 0.41 कोटी. प्रत्येकाला त्या वर्षी कंपनी बुडण्याच्या शक्यतेने गुणलं (300 भागिले 60 टक्के, म्हणजे वर्षाला साधारण 5 टक्के हॅझार्ड), डिस्काउंट केलं, बेरीज केली आणि शेवटी 60 टक्के लॉसने गुणलं. उत्तर 13.6 लाख.

सिस्टिम म्हणते 29 लाख. इनपुट मी दोनदा तपासले, व्होलॅटिलिटी तीच, स्प्रेड तोच. थोडाफार फरक समजू शकतो पण दुप्पट कसा येईल?

रोखपाल

तुझं एक्स्पोजरच कमी धरलंय असं वाटतं. आमच्याकडे लिमिट बघताना आम्ही पीएफई घेतो, 95 टक्क्याचा. तुझ्याच आकड्यांवर तो साधारण पावणेदोन वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त येतो, 6.4 कोटी. बुडाली तर इतके जाऊ शकतात ना? मग 6.4 गुणिले पाच वर्षांत बुडण्याची शक्यता 22 टक्के गुणिले 60 टक्के, झाले 85 लाख. सिस्टिमने मधलं काहीतरी घेतलं असेल.

कृष्णविवर

रोखपाल, 6.4 चा आकडा बरोबर आहे आणि तो कमाल कधी येतो तेही बरोबर. रेट जितके दिवस मोकळा तितका तो लांब भटकतो, पण तितकीच उरलेली पेमेंटंही कमी होत जातात, या दोघांच्या ओढाताणीत शिखर मुदतीच्या एक तृतीयांशाजवळ येतं. पण त्याचा गुणाकार करून सीव्हीए मिळत नाही. पीएफई विचारतो की शंभरातल्या पंचाण्णव वेळा आपण कुठल्या आकड्याच्या खाली राहू. तो लिमिटसाठी, म्हणजे या नावावर अजून किती धंदा करायचा हे ठरवायला. सीव्हीए ही किंमत आहे, आणि किंमत सरासरीवर ठरते. रेट आपल्या विरुद्ध गेला, म्हणजे आपणच कंपनीला देणं लागतो, तेव्हा ती बुडाली तरी आपलं काही बुडत नाही, देणं मात्र पूर्ण द्यावं लागतं. हे निम्मे प्रसंग सरासरीत शून्य म्हणून मोजले जातात, पीएफईमध्ये ते दिसतच नाहीत. शिवाय तुम्ही शिखराचा आकडा पाचही वर्षांना लावलात, शेवटच्या वर्षी तर तिथे जवळपास काही उरलेलं नसतं. म्हणून तुमचे 85 लाख सहा पटीने फुगलेत.

निशिगंध, तुमचा 13.6 मला तुम्ही धरलेल्या गृहितकांवर अगदी बरोबर वाटतो. पडताळून बघायची एक झटपट रीत सांगतो. पाचही वर्षांच्या एक्स्पोजरची सरासरी 1.11 कोटी, म्हणजे नोशनलच्या 1.11 टक्के, तिला 3 टक्के स्प्रेडने गुणा, वर्षाला 3.3 बेसिस पॉइंट. तुमचे 13.6 लाख पाच वर्षांच्या 4.33 अॅन्युइटीवर पसरले तर 3.1 येतात. जुळतंय. तेव्हा गणित चुकलेलं नाही, सिस्टिमला स्वॅपबद्दल असं काहीतरी माहीत आहे जे तुम्ही लिहिलेलं नाही.

अश्विनी_टी

मी दुसऱ्या बाजूची आहे, कंपनीच्या फायनान्समध्ये. आमचंही लोन फ्लोटिंग होतं म्हणून बँकेकडून असाच स्वॅप घेतला, आणि बँकेने फिक्स्ड रेटमध्ये 6 बेसिस पॉइंट जास्त लावले, विचारलं तर क्रेडिट चार्ज म्हणाले. आम्ही आजवर एक हप्ता चुकवलेला नाही. स्वॅप करताना त्याची किंमत शून्य असते असं त्यांनीच सांगितलं, मग शून्यावर क्रेडिट रिस्क कसला? हे बँकेचं मार्जिनच नाही का?

कृष्णविवर

अश्विनीताई, धागा जरा वेगळ्या प्रश्नाचा आहे पण तुमचं उत्तर इथेच आहे. आज किंमत शून्य आहे, दोन वर्षांनी नसेल. रेट 2 टक्क्यांनी खाली आले तर बँकेच्या हातात तुमच्याकडून 5 टक्के घेण्याचा करार असतो आणि बाजारात 3 च मिळतात. त्या दिवशी तुमची कंपनी बंद पडली तर तोच करार दुसऱ्या कोणाशी नव्याने करायला बँकेला उरलेल्या तीन वर्षांचे दोन-दोन टक्के सोडावे लागतील, 100 कोटींवर साडेपाच कोटींच्या पुढे. त्यातले 100 मागे 40 परत मिळतील असं धरतात. तुम्ही हप्ता चुकवला नाहीत हे तुमच्या स्प्रेडमध्ये आलेलंच असतं, पण स्प्रेड शून्य कधीच नसतो. 6 पैकी किती खरा चार्ज आणि किती मार्जिन हे मात्र तुमचा स्प्रेड आणि स्वॅपच्या अटी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

पिंपळपान

मला वाटतं राँग वे रिस्क. बघा, फ्लोटिंग कर्ज असलेली कंपनी फिक्स्ड देते, म्हणजे बँकेचं येणं कधी वाढतं, तर रेट पडल्यावर. रेट कधी पडतात? मंदीत. आणि अशा कंपन्या कधी अडचणीत येतात? तेव्हाच. निशिगंधने बुडण्याची शक्यता आणि एक्स्पोजर सरळ गुणले, म्हणजे दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलं.

किती फरक पडतो ते काढून बघितलं. समजा कंपनी बुडते त्या प्रसंगांत स्वॅपची किंमत सरासरीने अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनने आपल्या बाजूला सरकलेली असते. मग 0.4 च्या जागी 0.7 येतो, म्हणजे पावणेदोन पट. 13.6 चे जवळपास 24 लाख. थोडं अजून सरकवलं की 29 झालेच. बासेलमध्ये एक्स्पोजरला 1.4 ने गुणतात तो अल्फासुद्धा याच प्रकारासाठी आहे, त्यात हेही धरलेलं असतं.

निशिगंध

पिंपळपान, हे पटण्यासारखं आहे पण आमच्या सिस्टिममध्ये कोरिलेशन शून्य ठेवलेलं आहे, आज मुद्दाम विचारून घेतलं. मॉडेलवाले म्हणाले की या नावाचा सीडीएस, म्हणजे बुडण्याविरुद्धचा बाजारात विकला जाणारा विमा, नाही, स्प्रेड आम्ही त्याच रेटिंगच्या नि त्याच सेक्टरच्या नावांवरून घेतो, त्यावर कोरिलेशन कुठून आणायचं.

पिंपळपान

मग हे कारण नव्हे. पण शून्य ठेवणं मला धोक्याचं वाटतं, विशेषतः या दिशेच्या स्वॅपला. उलट दिशेला, म्हणजे कंपनी फ्लोटिंग देत असती तर रेट चढल्यावर आपलं येणं वाढलं असतं, तिथे शून्य धरणं मी एकवेळ समजू शकतो. इथे चिन्ह कुठलं हे तरी नक्की माहीत आहे, आकडा माहीत नाही म्हणून शून्य घ्यायचं हे बरोबर नाही.

रोखपाल

पण मुळात 300 चा स्प्रेड का घेता? आमच्या जुन्या नोंदींत या रेटिंगच्या कंपन्या वर्षाला शंभरात एकच्या आसपास बुडतात. तेवढीच शक्यता घेतली तर 13.6 चे 3 लाखच होतील. माझ्या मते खरा खर्च तोच आहे, बाकीचं बाजाराच्या मूडचं आहे.

कृष्णविवर

हा वाद जुना आहे आणि त्यात तुमची बाजू अगदीच पोकळ नाही. ट्रेड शेवटपर्यंत धरून ठेवला, हेज केला नाही, आणि अशी पुष्कळ नावं पोर्टफोलिओत असली तर सरासरीने तुम्ही म्हणता तेवढंच जाईल. पण पुस्तकात फेअर व्हॅल्यू मांडायची असते, म्हणजे आज हा करार दुसऱ्याला द्यायचा झाला तर तो किती घेईल. तो समोरचा 300 चाच हिशोब करणार, कारण संरक्षण घ्यायला त्याला तेवढेच पडतात. आणि बाजाराचा मूड नफातोट्यात उतरतो हो. 2011 मध्ये बासेल समितीने सांगितलं होतं की आर्थिक संकटाच्या काळात काउंटरपार्टी रिस्कमुळे जो तोटा झाला त्यातला साधारण दोन तृतीयांश सीव्हीए वाढल्यामुळे होता, प्रत्यक्ष बुडाल्यामुळे फक्त एक तृतीयांश. एकही हप्ता न चुकता तोटा बसला. म्हणूनच बासेल 3 मध्ये सीव्हीएसाठी वेगळं भांडवल आलं.

असो. निशिगंध, मला एक सांगा. पेमेंट किती किती दिवसांनी आहेत? तुम्ही फिक्स्ड 5 टक्के लिहिलंत, ते वर्षातून एकदा का? आणि तुमचं फ्लोटिंग?

निशिगंध

फिक्स्ड वर्षातून एकदा, फ्लोटिंग दर तिमाहीला. कंपनीला तसंच हवं होतं, त्यांचं लोनचं व्याज तिमाही जातं, आणि फिक्स्ड वर्षअखेरीला द्यायला त्यांना सोयीचं. सपाट कर्व्हवर दोन्ही लेगची किंमत सारखीच येते म्हणून मी त्यात शिरलो नाही.

कृष्णविवर

मग तिथेच आहे.

पहिल्या दिवशी किंमत सारखी येते, खरंय. पण पैसे कधी हलतात ते बघा, रेट अजिबात हलला नाही असं समजून. तीन महिन्यांनी तुम्ही सव्वा कोटीच्या आसपास दिलेत, कंपनीने काही दिलं नाही. सहा महिन्यांनी तुमचे अडीच कोटी गेलेले. नऊ महिन्यांनी पावणेचार कोटी. बारा महिन्यांनी कंपनी 5 कोटी देते, तुमचा चौथा हप्ता त्यातून वजा, आणि किंमत परत शून्यावर येते. म्हणजे नवव्या महिन्यापासून बाराव्यापर्यंत तुम्ही त्या कंपनीला पावणेचार कोटी उधार दिल्यासारखे आहेत, तेही रेट जागच्या जागी असताना. तुमचं रेटमुळे येणारं सरासरी एक्स्पोजर सव्वा-दीड कोटीचं, त्यापुढे हे केवढं आहे बघा. आलेख काढलात तर गुळगुळीत टेकडीऐवजी करवतीसारखे दात दिसतील, दर वर्षी तीन पायऱ्या वर आणि एकदम खाली.

त्यामुळे किंमतीची सरासरी शून्य हे तुमचं गृहितक या स्वॅपला लागू होत नाही. वर्षभराची सरासरी काढली तर फिक्स्डचं साचलेलं अडीच कोटी, त्यातून फ्लोटिंगचं साचलेलं 0.625 वजा, म्हणजे 1.875 कोटी. हे ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरे. तुमच्याच मध्यबिंदूंवर ही सरासरी घालून बघा:

```python
from math import sqrt, exp, erf, pi

def Phi(x): return 0.5 * (1 + erf(x / sqrt(2)))
def phi(x): return exp(-x * x / 2) / sqrt(2 * pi)

def cva(m):
    total = 0
    for i in range(5):
        t = i + 0.5
        A = (1 - 1.05 ** -(5 - t)) / 0.05
        s = 100 * 0.01 * sqrt(t) * A
        ee = s * phi(m / s) + m * Phi(m / s)
        dpd = exp(-0.05 * i) - exp(-0.05 * (i + 1))
        total += 0.6 * ee * 1.05 ** -t * dpd
    return total

print(cva(0), cva(1.875))
```

उत्तर कोटीत येईल. m शून्य ठेवलात तर तुमचाच आकडा, 1.875 ठेवलात तर काय येतं ते इथे टाका.

निशिगंध

0.136 आणि 0.278. म्हणजे 27.8 लाख!! सिस्टिमचे 29, जवळपास जुळलं. सगळ्यात जास्त फरक शेवटच्या वर्षात आहे, तिथे माझं 0.41 होतं ते आता 1.89 आलं. म्हणजे रेटचा रिस्क संपत आलेला असतो तेव्हाही ही उधारी तशीच्या तशी राहते.

कृष्णविवर

बरोबर. रेटचा भाग मुदत सरत आली की विरघळतो, पेमेंटच्या अंतराचा भाग शेवटच्या वर्षापर्यंत तेवढाच. लहान मुदतीच्या स्वॅपला तर हाच मुख्य रिस्क होऊन बसतो.

रोखपाल, आता हे तुमच्यासाठी. तुमची लिमिटची सिस्टिम कुठल्या तारखांना एक्स्पोजर मोजते?

रोखपाल

वर्ष-वर्षाला, स्वॅपच्या वर्धापनाच्या तारखेला. सहा वर्षांपासून तसंच सेट आहे. या स्वॅपला ती 6.3 कोटी दाखवते, लिमिट 7 आहे म्हणून पास झाला असता.

कृष्णविवर

वर्धापनाच्या तारखेला, पेमेंट झाल्यावरचा आकडा ना? म्हणजे दात जिथे खाली येतात नेमक्या त्याच दिवशी तुम्ही मोजताय. एक वर्ष नऊ महिन्यांवर मोजा, तुमचं फ्लोटिंग नुकतंच गेलेलं आणि फिक्स्ड यायला तीन महिने बाकी. रेटमुळे स्टँडर्ड डेव्हिएशन 3.9 कोटीच्या आसपास, त्याच्या 1.645 पट 6.4, आणि वर ते पावणेचार कोटी. दहा कोटींच्या थोडं वर जातं. 7 चं लिमिट कधीच ओलांडलेलं.

तपासायचं असेल तर फार काही करावं लागत नाही, ग्रिडच्या, म्हणजे एक्स्पोजर मोजायच्या, सगळ्या तारखा एक आठवडा अलीकडे सरकवा. नीट मॉडेलमध्ये पीएफई थोडासाच हलतो. तुमचा कोट्यवधींनी उडी मारेल, आणि ती उडी म्हणजेच ग्रिडच्या फटीतून निसटलेला पैसा.

रोखपाल

हे मी उद्याच करून बघतो. आमच्याकडे असे वार्षिक-तिमाही स्वॅप बरेच आहेत. मला वाटत होतं सीएसए असलेल्यांना हा प्रश्न नसेल, तिथे रोज मार्जिन, म्हणजे कोलॅटरल, येतं त्यामुळे एक्स्पोजर शून्यच.

पिंपळपान

शून्य नाही हो. कंपनी बुडायला लागली की मार्जिन देणं थांबवते, मग नोटीस, वाद, करार मोडणं आणि बाजारात नवा स्वॅप करणं, यात साधारण दहा कामाचे दिवस जातात असं धरतात. दहा दिवसांत रेट 0.2 टक्के हलतो, निशिगंधच्याच व्होलॅटिलिटीने. पाच वर्षांच्या अॅन्युइटीवर 95 टक्क्याचा पीएफई 1.4 कोटी येतो, आणि तो अगदी सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो, टेकडी वगैरे नाही, सरळ उतरण. शिवाय त्या दहा दिवसांत तुम्ही तुमचं फ्लोटिंग देऊन बसलात आणि त्याबदल्यातलं मार्जिन आलंच नाही तर तिथेही दात येतात, बारीक पण टोकदार. एकाच दिवशी दोन्ही बाजूंची पेमेंटं असतील तर आपलं आधी पाठवायचं की समोरच्याचं येईपर्यंत थांबायचं, हा ऑपरेशन्सचा प्रश्न वाटतो पण आकड्यात उतरतो.

निशिगंध

उरलेले 1.2 लाख कशाचे असतील? सिस्टिममध्ये खरा कर्व्ह आहे, माझा सपाट.

कृष्णविवर

कर्व्हचा आकार कुठला आहे त्यावर. चढता असेल, म्हणजे लांबचे रेट जास्त, तर फिक्स्ड घेणाऱ्याला सुरुवातीला निव्वळ पैसे मिळतात आणि नंतर द्यावे लागण्याची अपेक्षा असते, त्यामुळे एक्स्पोजर कमी व्हायला हवं, जास्त नव्हे. उतरता असेल तर उलटं. शिवाय मी वर्षाची एकच सरासरी घेतली, सिस्टिम दातावर दात मोजते. दोन्हीतलं कुठलं ते मला इथून सांगता येणार नाही, कर्व्ह एकदा 5 टक्के सपाट करून सिस्टिम चालवा, मग दिसेल.

पिंपळपान

मी तरीही म्हणतो की 29 सुद्धा कमी आहे, राँग वे यात अजून आलेलंच नाही.

कृष्णविवर

त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही, पण 1.75 पट सरसकट लावू नका. तो पट शून्य सरासरीवरचा आहे. पेमेंटच्या अंतराने जे येणं साचतं ते रेट पडो की चढो असतंच, त्यामुळे मंदीमुळे वाढणारा भाग टक्केवारीत कमी भरेल.

अश्विनी_टी

एक विचारते, मघापासून वाचतेय. आमचंही फिक्स्ड वर्षातून एकदाच जातं आणि बँकेकडून तिमाही येतं. 27.8 लाख 4.33 वर पसरले तर 6.4 बेसिस पॉइंट होतात, म्हणजे आमचे 6 तिथूनच आले असतील का? आणि आम्ही फिक्स्डही तिमाही दिलं तर तो 3 वर येईल?

कृष्णविवर

तुमचा स्प्रेड निशिगंधच्या कंपनीसारखा असेल तर हो, तिथूनच आले असावेत. आणि दोन्ही पेमेंटं एकाच दिवशी निव्वळ केलीत तर दात जातात, चार्ज 3.1 च्या जवळ यायला हवा. फक्त एक ध्यानात घ्या, तिमाही द्यायचं तर रेट 5 नाही राहणार, साधारण 4.91 होईल, कारण तुम्ही पैसे आधी देताय. बँक 5 च ठेवून वर चार्ज कमी केला म्हणाली तर तुमचे 9 बेसिस पॉइंट तिकडेच गेले.

निशिगंध

अरे हेच मी आमच्या सेल्सवाल्यांना सांगू शकतो, कंपनीला तिमाही निव्वळ पेमेंटचा पर्याय द्या म्हणून. सोमवारी सपाट कर्व्हवर रन लावतो, 1.2 लाखांचं काय होतं ते इथेच टाकतो.